मुलगी, काका आणि उरलेला हिस्सा

८ मार्च २०२३ रोजी केरळातल्या कासरगोड जिल्ह्यात एका जोडप्याने आपले लग्न दुसऱ्यांदा लावले, तेही एकमेकांशीच. सी. शुक्कूर हे वकील, मल्याळी चित्रपटातही काम केलेले. शीना या महात्मा गांधी विद्यापीठाच्या माजी प्र-कुलगुरू. १९९४ साली त्यांचा रीतसर निकाह झाला होता आणि त्यांना तीन मुली होत्या. तरीही होसदुर्गच्या निबंधक कार्यालयात जाऊन त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा नोंदणी केली. कारण त्यांनी उघडपणे सांगितले. मुलगा नसल्यामुळे शरियतच्या नियमानुसार मुलींना दोन तृतीयांशापेक्षा अधिक मिळाले नसते, आणि उरलेल्या मालमत्तेत शुक्कूर यांचे भाऊ वाटेकरी झाले असते. विशेष विवाह कायद्याखाली नोंद झाली की वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो आणि मुली असताना भावांचा प्रश्न उरत नाही.

या बातमीवर महाराष्ट्रातही बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत ‘मुस्लिम कायदा असा आहे’ असे सरसकट बोलले गेले, आणि एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली. हेच कुटुंब शिया असते, तर या दुसऱ्या लग्नाची गरजच पडली नसती. कुराण तेच, त्यातल्या वारशाच्या आयती त्याच, नातलग तेच. तरी मुलींच्या काकाला तिथे एक पैसाही मिळाला नसता. एका ग्रंथातून असे दोन निकाल कसे निघतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. मुंबईत एक गृहस्थ वारले. मागे बायको, एक मुलगी आणि एक सख्खा भाऊ. आईवडील आधीच गेलेले, मुलगा नाही. अंत्यविधीचा खर्च, कर्ज आणि बायकोचा थकलेला मेहेर आधी फेडायचा. मेहेर हेही कर्जच धरले जाते. मृत्युपत्र असेल तर मर्यादेत त्याचा भाग काढायचा. हे सगळे झाल्यावर वाटायला अठ्ठेचाळीस लाख रुपये उरले असे समजू.

मृत गृहस्थ हनफी सुन्नी असतील, तर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे सहा लाख आणि एकुलत्या मुलीला निम्मे म्हणजे चोवीस लाख. हे दोन्ही हिस्से कुराणात नेमून दिलेले आहेत. बाकी राहिले अठरा लाख. ते भावाला जातात. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे असतात, पण या वाटणीत त्यांचाही निकाल हाच.

मृत गृहस्थ शिया असतील, तर बायकोचे सहा लाख तेच. मुलीचे चोवीस लाखही तेच. पण उरलेले अठरा लाख भावाकडे न जाता पुन्हा मुलीकडेच येतात आणि तिची एकूण रक्कम बेचाळीस लाख होते. उरलेला भाग असा नेमलेल्या वारसाकडे परतणे, याला ‘रद्द’ म्हणतात. शिया कायद्यात दुसरा वारस हयात असताना बायकोला रद्दचा लाभ नाही, म्हणून ती आठव्या हिश्श्यावरच थांबते.

याच कुटुंबात एक मुलगा असता तर हा फरक दिसलाच नसता. बायकोला आठवा हिस्सा, आणि बाकीच्यातून मुलाला दोन वाटे तर मुलीला एक, हे दोन्ही पंथांत समान आहे. मुलाला मुलीच्या दुप्पट मिळते, यावर शिया आणि सुन्नी यांच्यात मतभेद नाही. म्हणून शिया कायदा स्त्री-पुरुषांना समान मानतो, असे कोणी सांगितले तर ते खरे नव्हे. मतभेद आहे तो नेमून दिलेले हिस्से देऊन झाल्यावर जे उरते त्याचा मालक कोण, यावर. मुलगा असला की उरलेले त्याच्याकडे आणि त्याच्या जोडीने बहिणीकडे जाते, वाद होत नाही. मुलगा नसला की वाद उभा राहतो.

सुन्नी उत्तरामागे एक जुनी व्यवस्था आहे. इस्लामपूर्व अरबांत वारसा लढू शकणाऱ्या पुरुषांचा असे: मुलगा, तो नसेल तर बाप, भाऊ, पुतण्या, चुलता, चुलतभाऊ. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणाऱ्या रेषेने जोडलेल्या या भाऊबंदांना ‘असबा’ म्हणतात. इसवी सन ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत साद इब्न रबी हे पैगंबरांचे मदिनेतले साथीदार मारले गेले. मागे बायको आणि दोन मुली होत्या. सादच्या भावाने जुन्या रिवाजाप्रमाणे सारी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा मुलींना घेऊन पैगंबरांकडे गेली आणि म्हणाली की, यांच्यापाशी काही उरले नाही तर यांची लग्ने कशी होणार? त्यानंतर वारशाच्या आयती आल्या, आणि पैगंबरांनी त्या भावाला बोलावून सांगितले की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, आणि उरेल ते तुझे. सुन्नी हदीस-संग्रहांत ही हकीगत येते. तिच्या जोडीला आणखी एक हदीस आहे: नेमलेले हिस्से आधी द्या आणि उरलेले सर्वांत जवळच्या पुरुषाला द्या.

सुन्नी धर्मशास्त्रज्ञांनी यातून असा अर्थ काढला की कुराणाने जुनी व्यवस्था मोडली नाही, तिच्यात सुधारणा केली. ज्यांना काहीच मिळत नसे त्या बायको, मुली, आई, बहिणी यांना ठराविक हिस्सा मिळाला आणि तो सर्वांच्या आधी मिळाला. पण मागची चौकट भाऊबंदांचीच राहिली. बाराव्या शतकाच्या सुमारास सजावंदी यांनी लिहिलेला ‘सिराजिया’ हा हनफी वारसाशास्त्राचा मुख्य ग्रंथ याच चौकटीवर उभा आहे. १७९२ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांनी ते हाताशी धरले.

शिया विद्वान ही दोन्ही कथने प्रमाण मानत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की कुराणात असबा हा शब्द वारसाच्या अर्थाने कुठेच नाही. उलट आईबाप आणि जवळचे नातलग जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचाही वाटा आहे आणि स्त्रियांचाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. रक्ताचे नातलग एकमेकांना अधिक जवळचे, असेही म्हटले आहे. मग जवळीक मोजायची ती रक्ताने. ते रक्त बापाकडून आले की आईकडून, पुरुषातून आले की स्त्रीतून, याने जवळीक कमीजास्त होत नाही. मुलगी बापापासून एका पायरीवर आहे. भाऊ दोन पायऱ्यांवर आहे, कारण त्याच्यापर्यंत पोचायला आधी बापाकडे वर जावे लागते. एक पायरी असताना दोन पायऱ्यांवरच्याला वाटा कसा?

या वादाला राजकारणाचीही किनार होती, आणि ती बाजूला ठेवली तर चित्र अपुरे राहील. पैगंबरांच्या पश्चात त्यांचे एकच अपत्य हयात होते, मुलगी फातिमा. मुलगा नव्हता. काका अब्बास मात्र हयात होते. ७५० साली सत्तेवर आलेले अब्बासी खलिफा स्वतःला याच काकांचे वंशज म्हणवत, तर शियांचे इमाम फातिमेच्या मुलांच्या वंशातले. मारवान इब्न अबी हफ्सा या अब्बासी दरबाराच्या कवीने तर काका असताना मुलीच्या मुलांना वारसा कसा मिळेल, असा सवाल कवितेतूनच केला होता. मुलगी श्रेष्ठ की काका, हा तिथे खिलाफतीचा प्रश्न होता. शिया नियम केवळ या राजकारणातून जन्मला असे मी म्हणणार नाही. इमामांच्या शिकवणुकीत त्याचा स्वतंत्र युक्तिवाद सुसंगतपणे मांडलेला आहे. पण इतक्या तपशिलाच्या नियमावर दोन्ही बाजू एवढ्या ठाम का राहिल्या, हे यावरून उमगते.

शियांनी या तत्त्वावर वारसांचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गात आईबाप आणि मुले-नातवंडे. दुसऱ्यात आजीआजोबा आणि भावंडे, त्यांच्या मुलांसह. तिसऱ्यात काका, आत्या, मामा, मावशी. पहिल्या वर्गातले एकही माणूस हयात असेल तर दुसऱ्या वर्गाला काही नाही. दुसऱ्यातले कोणी असेल तर तिसऱ्याला नाही. नवरा किंवा बायको मात्र कोणत्याही वर्गाबरोबर आपला हिस्सा घेतात. मृताची विधवा आई आणि सख्खा भाऊ एवढेच मागे असतील, तर सुन्नी वाटणीत आईला तिसरा हिस्सा आणि भावाला दोन तृतीयांश. शिया वाटणीत सगळे आईचे.

आपल्या उदाहरणातही आई हयात आहे असे धरून पाहा. सुन्नी हिशेबात बायकोला सहा लाख, मुलीला चोवीस, आईला सहावा हिस्सा म्हणजे आठ, आणि भावाला उरलेले दहा लाख. शिया हिशेबात बायकोचे सहा गेल्यावर उरलेले बेचाळीस लाख मुलगी आणि आई यांच्यातच वाटायचे. निम्मा आणि सहावा, म्हणजे तीनास एक या प्रमाणात: मुलीला साडेएकतीस लाख, आईला साडेदहा. भावाला काही नाही.

हा फरक सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो नातवंडांच्या बाबतीत. समजा एका वृद्धाची एकुलती मुलगी त्याच्या आधीच गेली. तिचा मुलगा आजोबांपाशीच वाढला. दुसरीकडे आजोबांचा एक पुतण्या आहे, सख्ख्या भावाचा मुलगा, दूर शहरात राहणारा. आजोबा वारले. सुन्नी नियमाने सारी मालमत्ता पुतण्याला जाते. मुलीचा मुलगा हा स्त्रीद्वारे जोडलेला, म्हणून ‘दूरच्या नातलगां’त मोडतो आणि पुतण्यासारखा असबा हयात असताना त्याची पाळी येत नाही. शिया नियमाने नातू आपल्या आईच्या जागी उभा राहतो आणि सारे घेतो. पुतण्या दुसऱ्या वर्गातला, म्हणून बाहेर. माझ्या मते या एका जागी शिया नियम माणसाच्या रोजच्या भावनेशी अधिक जुळतो. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच कडक आहे. आजोबांचा दुसरा मुलगा हयात असेल, तर आधी वारलेल्या मुलाच्या पोरांना दोन्ही पंथांत वारसा मिळत नाही.

इथवर वाचून शिया कायदा मुलींच्या बाजूचा आणि सुन्नी कायदा विरोधातला, असे वाटू लागले असेल. पण बेरीज उलट्या बाजूने चुकली की निकालही उलटतो. कधी कधी नेमलेल्या हिश्श्यांची बेरीज पूर्णांकापेक्षा जास्त होते आणि प्रत्येकाला पूर्ण द्यायला मालमत्ता पुरत नाही.

एक बाई वारली. मागे नवरा, आई, वडील आणि दोन मुली. वाटायला साठ लाख. नेमलेले हिस्से पाहू: नवऱ्याला चौथा म्हणजे पंधरा लाख, आई आणि वडील यांना प्रत्येकी सहावा म्हणजे दहा-दहा लाख, दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश म्हणजे चाळीस लाख. बेरीज पंचाहत्तर लाख. पंधरा लाख कमी पडतात.

सुन्नी पद्धत ही तूट सगळ्यांवर प्रमाणात वाटते. याला ‘औल’ म्हणतात. प्रत्येकाचा वाटा पाचव्या भागाने कमी होतो: नवऱ्याला बारा लाख, आईवडिलांना आठ-आठ, दोन मुलींना मिळून बत्तीस लाख. शिया पद्धतीला औल मान्य नाही. नवऱ्याचे पंधरा पूर्ण द्यायचे, आईवडिलांचे दहा-दहा पूर्ण द्यायचे, आणि उरलेले पंचवीस लाख दोन मुलींना. म्हणजे सुन्नी मुलीला सोळा लाख, तर शिया मुलीला साडेबारा. इथे तोट्यात शिया मुलगी आहे.

औलचा पहिला निवाडा खलिफा उमर यांच्या काळातला, ६३४ ते ६४४ यांमधला, असे सांगतात. नवरा आणि दोन बहिणी असे वारस होते. निम्मा आणि दोन तृतीयांश यांची बेरीज जमेना. कोणाला पुढे ठेवावे आणि कोणाला मागे याचा आदेश आपल्यापाशी नाही, म्हणून सर्वांचे सारखेच कापावे, असे उमर यांनी ठरवले. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी पुढे याला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, नवरा, बायको, आई यांचा हिस्सा वरून खाली घसरला तरी दुसऱ्या एका नेमलेल्या आकड्यावर येऊन थांबतो. नवऱ्याचा निम्मा मुले असली की चौथा होतो, त्याखाली जात नाही. मुलीचा किंवा बहिणीचा हिस्सा तसा नाही. सोबत भाऊ आला की तिचा नेमका आकडा जातो आणि ती उरलेल्यातली वाटेकरी होते. तेव्हा उरलेले कमी असो की जास्त, तिने तेच घ्यावे. शियांनी हीच मांडणी स्वीकारली. ज्या मुलीला शिल्लक मिळते, तिनेच तूटही सोसावी. हे तर्काला धरून आहे, आणि म्हणूनच मी शिया कायद्याला स्त्रीधार्जिणा म्हणायला धजावत नाही. तो जवळच्या रक्ताचा कायदा आहे. त्याचा फायदा बहुतेक वेळा मुलीला होतो, कारण औलचे प्रसंग विरळ आणि शिल्लक उरण्याचे प्रसंग घरोघरी.

या प्रसंगाची एक आठवण सुन्नी ग्रंथांत मिंबराच्या नावाने जपली आहे. कूफ्यात हजरत अली मिंबरावरून बोलत असताना कोणी विचारले: बायको, दोन मुली आणि आईबाप असतील तर बायकोला काय? त्यांनी बोलणे न थांबवता उत्तर दिले की तिचा आठवा हिस्सा नववा झाला. चोवीसाऐवजी सत्तावीस भाग करावे लागतात, म्हणून तीन चोविसांश हे तीन सत्ताविसांश होतात. सुन्नी याला औलचा दाखला मानतात. शिया विद्वान मात्र अलींचे ते उद्गार निवाडा म्हणून नव्हते असे सांगतात.

विधवेच्या बाबतीत तर शिया नियम अधिक कठोर आहे. जिला त्या नवऱ्यापासून मूल नाही, अशा विधवेला भारतात लागू होणाऱ्या शिया कायद्याने नवऱ्याच्या जमिनीत हिस्सा नाही. जमिनीवरची इमारत, झाडे यांच्या किमतीचा चौथा हिस्सा आणि रोकड, दागिने, येणी अशा जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा तिला मिळतो. जमीन मात्र नाही. तीस लाखांची जमीन, दहा लाखांचे घर आणि आठ लाखांची ठेव असेल, तर सुन्नी विधवेला अठ्ठेचाळीस लाखांचा चौथा हिस्सा, बारा लाख मिळतील. शिया विधवेला फक्त अठरा लाखांचा चौथा हिस्सा, साडेचार लाख. इराणने २००९ साली आपल्या नागरी संहितेत दुरुस्ती करून विधवेला जमिनीच्या किमतीतही हिस्सा दिला. भारतात अशी दुरुस्ती झालेली नाही, आणि ती व्हायला हवी असे मला मनापासून वाटते.

आता व्यवहाराकडे येऊ. भारतात मृत शिया असेल तर शिया कायदा आणि सुन्नी असेल तर सुन्नी कायदा लागू होतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १८४१ साली राजा दीदार हुसेन यांच्या खटल्यात ठरवले. त्याआधी कंपनीची न्यायालये बहुधा सगळ्यांना हनफी नियमच लावत. १९३७ च्या शरियत कायद्याने वारशातला रिवाज बाजूला करून शरियत आणली, पण कोणत्या पंथाची, हे मृताच्या पंथावरच राहिले. वारसांचा पंथ इथे पाहत नाहीत. शिया नवऱ्याची सुन्नी बायको त्याच्या मालमत्तेत शिया नियमाने वाटा घेते, आणि ती वारली तर तिची मालमत्ता सुन्नी नियमाने वाटली जाते. पंथाविषयी पुरावाच नसेल, तर बहुसंख्य मुसलमान सुन्नी आहेत म्हणून मृत सुन्नी असावा असे न्यायालय धरून चालते. हे गृहीतक सहज खोडता येते, पण खोडावे लागते. शिया मुलीच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. तिने वडिलांचा निकाहनामा, जमातीची नोंद, दफनाची जागा असे कागद सांभाळून ठेवलेले बरे. काकाने सुन्नी वाटणीचा दावा लावला तर तेच कामी येतात.

मुंबईला या प्रश्नाचा मोठा इतिहास आहे. खोजे आणि दाऊदी बोहरे मुख्यतः शिया, मेमन सुन्नी, आणि तिन्ही समाज व्यापारानिमित्त एकाच बाजारपेठेत शेजारी राहिलेले. १८४७ साली खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला, तेव्हा मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी या समाजांत हिंदू रिवाजाप्रमाणे मुलींना वारसा नाही, असा निकाल दिला. शिया असोत की सुन्नी, त्या मुलींच्या हाती काहीच लागले नाही. हा रिवाज कायद्याने दूर व्हायला १९३७ आणि १९३८ ही साले उजाडावी लागली. माथेरानला जन्मलेले आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आसफ फैजी स्वतः सुलेमानी बोहरा. बोहऱ्यांचा मूळ कायदाग्रंथ ‘दआइमुल इस्लाम’ त्यांनीच संपादित करून अभ्यासकांपुढे आणला. गोव्यात मात्र ही सारी चर्चा लागू नाही. तिथे १९३७ चा कायदा पोचलेला नाही आणि शिया असो की सुन्नी, वारसा तिथल्या नागरी कायद्यानेच ठरतो.

मुलगा नसलेल्या सुन्नी बापाला आपले सारे मुलीला द्यायचे असेल, तर तो बहुधा आधी मृत्युपत्राचा विचार करतो. इथेच मोठी फसगत होते. मुसलमान मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ शकत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे केलेले मृत्युपत्र त्या एक तृतीयांशापुरतेही चालत नाही; बाकीच्या वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच चालते. म्हणजे मुलीच्या नावे केलेल्या मृत्युपत्राला ज्या काकाची संमती लागते, तोच त्या शिलकीचा हक्कदार असतो. शिया कायद्यात वारसालाही एक तृतीयांशापर्यंत संमतीशिवाय देता येते. एखाद्या शिया गृहस्थाला निपुत्रिक पत्नीच्या जमिनीच्या हक्काची उणीव भरून काढायची असेल, तर हा मार्ग त्याला मोकळा आहे.

सुन्नी बापाकडे उरतो तो हिबा, म्हणजे हयातीतले दान. त्याला रकमेची मर्यादा नाही आणि कोणाची संमती लागत नाही. अट एवढीच की बापाने दान जाहीर करावे, मुलीने स्वीकारावे आणि ताबा खरोखर तिच्याकडे जावा. ‘माझ्या मृत्यूनंतर घर मुलीचे’ असे लिहिले तर तो हिबा होत नाही, ते मृत्युपत्र ठरते आणि पुन्हा काकाच्या संमतीवर येते. कागद करून भाडे मात्र बाप आपल्याच नावाने घेत राहिला, सोसायटीत नाव बदलले नाही, कर आपल्याच नावाने भरला, तर ताबा दिलाच नव्हता असे म्हणायला काकाला जागा मिळते. मुलगी बापाबरोबर त्याच घरात राहत असेल तर बापाने घर सोडायला हवे असे नाही. पण मालकी सोडल्याचे कृतीतून दिसायला हवे. आणि मालकी सोडली म्हणजे सोडलीच. म्हातारपणी औषधपाण्याला पैसे लागले तरी ते घर विकण्याचा हक्क त्याच्याकडे राहत नाही. मुलीला सगळे मिळावे म्हणून सुन्नी बापाला जिवंतपणी जे हातचे सोडावे लागते, ते शिया बाप शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतो.